सफरचंदातले आणि पाकातले फ्रुक्टोज एकच असेल, तर यकृताला फरक कसा कळतो?

अपर्णा_क

माझ्या पतींच्या सोनोग्राफीत यकृतात चरबी असल्याचे दिसले. त्या वेळी त्यांचे एसजीपीटी हे यकृताचे विकर रक्तात ६८ आणि ट्रायग्लिसराइड २४० होते. ते मद्य घेत नाहीत. फ्रुक्टोजमुळे यकृतात चरबी तयार होते असे त्यांच्या वाचनात आले आणि त्याच दिवशी त्यांनी फळे बंद केली. त्याआधी ते रोज दोन सफरचंदे खात असत. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी केली, तेव्हा एसजीपीटी ७१ आणि ट्रायग्लिसराइड २५२ आले. वजन होते तेवढेच आहे.

डॉक्टरांनी फळे बंद करायला सांगितलेच नव्हते, त्यामुळे त्यांना आश्चर्य वाटले. 'फळे खा, गोड पेये टाळा' असे ते म्हणाले. त्यावर यजमानांचा प्रश्न असा की, फ्रुक्टोजचा रेणू दोन्हीकडे सारखाच असेल, तर तो फळातून आला की पाकातून आला हे यकृताला कोण सांगते? मला हा प्रश्न रास्त वाटतो, पण उत्तर देता आले नाही. जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

दिगंत

फळातले फ्रुक्टोज नैसर्गिक असते आणि शरीर ते ओळखते. मक्याच्या स्टार्चपासून कारखान्यात तयार होणाऱ्या हाय फ्रुक्टोज पाकाचे मात्र यकृतात गेल्यागेल्या थेट चरबीत रूपांतर होते. माझ्या मते साधी साखर त्या मानाने पुष्कळ बरी, कारण तिच्यात फ्रुक्टोज मोकळे नसते. यजमानांनी लेबलावर 'हाय फ्रुक्टोज' हे शब्द दिसले की ती वस्तू ठेवून द्यावी, एवढे पुरेसे आहे.

पेशीवाला

दिगंत, आपल्या प्रतिसादातील निष्कर्ष काही अंशी बरोबर आहे, पण त्यामागची कारणे मला पटत नाहीत. शरीर रेणूचे जन्मस्थान ओळखत नाही. त्या पाकाच्या नावातील 'हाय' हा शब्द मक्याच्या साध्या पाकाच्या तुलनेत आहे, कारण साध्या पाकात जवळजवळ सगळे ग्लुकोज असते. पेयांत जो पाक वापरतात त्यात सुमारे ५५ टक्के फ्रुक्टोज असते आणि साखरेत ते ५० टक्के असते. साखरेत ते ग्लुकोजला जोडलेले असते हे खरे, पण लहान आतड्याच्या अस्तरावरील विकर ही जोडी तिथल्या तिथे तोडते. त्यामुळे यकृतापर्यंत पोचेपर्यंत या दोघांत उल्लेखनीय फरक उरत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. यकृताला फरक कळत नाही, आणि सगळी अडचण तिथेच आहे. ग्लुकोज यकृतात शिरते तेव्हा त्याच्या विघटनाच्या वाटेवर एक पहारेकरी असतो. पेशीत पुरेशी ऊर्जा साठली आहे असे दिसले की तो वाट आवळतो आणि उरलेले ग्लुकोज पुढे रक्तात जाते, जिथे स्नायू, मेंदू वगैरे सगळेच त्याचे गिऱ्हाईक असतात. फ्रुक्टोज या पहारेकऱ्याला वळसा घालून पलीकडे पोचते. केटोहेक्झोकायनेज नावाचे विकर त्याला फॉस्फेट चिकटवते, आणि हे विकर फार चपळ आहे. पेशीला ऊर्जा हवी आहे की नको, याची ते चौकशी करत नाही. जेवढे येईल तेवढे फ्रुक्टोज ते पकडते. प्रत्येक रेणूमागे एक एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जेचे चलन, खर्च होते, आणि एकदम मोठा लोंढा आला तर यकृतपेशीतील एटीपी काही काळ खरोखरच खाली जाते. त्या मोडतोडीतून युरिक ॲसिडही तयार होते.

ज्या यंत्राला ब्रेक नाही, त्याचे काम किती वाढेल हे त्याच्याकडे माल किती वेगाने येतो यावरच ठरते. म्हणून रेणू कुठून आला यापेक्षा दर मिनिटाला किती रेणू आले, हा प्रश्न विचारायला हवा. ही आवक मोजून सोडणारा अवयव यकृताच्या अलीकडे आहे, आणि तो म्हणजे लहान आतडे.

आतड्याच्या पेशींकडेही हेच विकर असते. प्रिन्स्टन विद्यापीठातील एका गटाने २०१८ साली उंदरांना चिन्हांकित फ्रुक्टोज देऊन ते कुठे जाते याचा माग काढला. मात्रा लहान असताना, म्हणजे शरीराच्या दर किलोमागे अर्धा ग्रॅमपेक्षा कमी असताना, सुमारे ९० टक्के फ्रुक्टोजची विल्हेवाट आतड्यातच लागली. त्याचे मुख्यतः ग्लुकोज आणि काही सेंद्रिय आम्ले झाली, आणि यकृताकडे जाणाऱ्या शिरेत फ्रुक्टोज म्हणून फारच थोडे पोचले. दर किलोमागे एक ग्रॅम किंवा त्याहून जास्त मात्रा दिली तेव्हा आतड्याचे हात अपुरे पडले. मग काही फ्रुक्टोज तसेच यकृताकडे गेले, तर काही मोठ्या आतड्यातील जिवाणूंपर्यंत ओघळले. आधी खाद्य दिलेल्या उंदरांच्या आतड्याने उपाशी उंदरांपेक्षा जास्त फ्रुक्टोज हाताळले, हेही त्यात दिसले. रिकाम्या पोटी घेतलेले गोड पेय आणि जेवणानंतर खाल्लेले फळ यांची तुलना करताना हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

सुनीती

आता मला माझ्या त्रासाचे कारण कळले असे वाटते. मी सफरचंद किंवा नासपती खाल्ली की तासाभरात पोट फुगते आणि गुडगुडते. म्हणजे माझे आतडे फ्रुक्टोज अडवत नाही आणि ते सगळे यकृतावर जाते, असाच याचा अर्थ ना? मीही यकृताची तपासणी करून घ्यावी का?

पेशीवाला

सुनीती, तुमच्या बाबतीत बहुधा नेमके उलटे घडत असावे. पोट फुगते ते शोषल्या न गेलेल्या फ्रुक्टोजमुळे. ते मोठ्या आतड्यात पोचते आणि तिथले जिवाणू ते आंबवून वायू तयार करतात. यकृताकडे जाण्यासाठी आधी ते शोषले जावे लागते. सफरचंद आणि नासपती यांत ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज बरेच जास्त असते. सोबत ग्लुकोज असेल तर फ्रुक्टोज अधिक चांगले शोषले जाते, त्यामुळे हीच दोन फळे अनेकांना बाधतात. श्वासातील हायड्रोजन मोजून याचा अंदाज घेतात. ज्यांच्यात जन्मतःच फ्रुक्टोज पचवणारे पुढचे विकर काम करत नाही, त्यांचा आजार अगदी वेगळा आहे. फळे किंवा साखर सुरू होताच तान्हेपणीच उलट्या आणि रक्तातील साखर घसरणे असे प्रकार त्यात दिसतात. त्या आजारात फळेही वर्ज्य असतात, पण तुमच्या वर्णनात तसे काही नाही.

गणितवेडा

पेशीवाला यांचे विवेचन चांगले आहे, परंतु उंदरांवरील आकडे माणसाला लावताना घसरायला फार वाव आहे, असे मला वाटते. मी दोन पद्धतींनी हिशेब करून पाहिला.

दर किलोमागे अर्धा ग्रॅम हे प्रमाण जसेच्या तसे धरले, तर ७० किलोच्या माणसासाठी ते ३५ ग्रॅम होते. म्हणजे जवळजवळ तीन सफरचंदे एकदम खाल्ली तरी आतडे ती सांभाळून घेईल. पण उंदीर त्याच्या आकाराच्या मानाने कितीतरी अधिक खातो आणि जाळतो. २५ ग्रॅमच्या उंदराला अर्धा ग्रॅम दर किलो म्हणजे १२.५ मिलिग्रॅम फ्रुक्टोज, ज्यात ०.०५ किलोकॅलरी असतात. त्याचा दिवसाचा आहार साधारण १२ किलोकॅलरींचा धरला, तर हा दिवसाच्या आहाराचा ०.४ टक्के भाग झाला. २००० किलोकॅलरी खाणाऱ्या माणसासाठी तोच भाग ८ किलोकॅलरी, म्हणजे अवघा २ ग्रॅम फ्रुक्टोज. एका मध्यम सफरचंदात याच्या सहापट असते.

एका हिशेबाने उंबरठा ३५ ग्रॅम आणि दुसऱ्याने २ ग्रॅम येत असेल, तर 'फळ आतड्यातच अडते' हे विधान पहिल्या हिशेबात सहज टिकते आणि दुसऱ्यात साफ कोसळते. आपण यातला कोणता हिशेब धरता?

पेशीवाला

आक्षेप योग्य आहे, आणि मी या दोहोंपैकी कोणत्याही आकड्यावर सही करणार नाही. माणसाच्या आतड्याचा उंबरठा नेमका किती, हा प्रश्न अजून मिटलेला नाही. यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून निरोगी माणसाचे रक्त दर काही मिनिटांनी काढणे सोपे नसते, हेच त्याचे मोठे कारण आहे. तुमचा २ ग्रॅमचा हिशेब खरा मानला, तर सफरचंदातले बरेच फ्रुक्टोज यकृतापर्यंत पोचते असे मान्य करावे लागेल, आणि ते मी मान्य करतो.

मात्र प्रयोगातील उंदरांना मात्रा द्रवरूपात एका दमात दिली होती, हे विसरून चालणार नाही. सफरचंद तसे पोटात जात नाही. १९७७ साली लॅन्सेटमध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध झाला होता आणि तो मला आजही फार बोलका वाटतो. दहा जणांना सारख्याच कर्बोदकांचे सफरचंद तीन रूपांत दिले, एकदा अखंड, एकदा लगदा करून आणि एकदा रस काढून. अखंड सफरचंदे खायला सरासरी १७ मिनिटे लागली, लगद्याला ६ मिनिटे, आणि रस दीड मिनिटात संपला. रसानंतर पोट भरल्याची भावना सर्वांत कमी होती. रसानंतर इन्सुलिन अखंड फळापेक्षा अधिक वर गेले आणि नंतर रक्तातील ग्लुकोज अधिक खाली घसरले. त्या प्रयोगात यकृत मोजले नव्हते, त्यामुळे मी त्यातून फक्त वेगाचा मुद्दा घेतो. त्यापुढे जठराचा टप्पा येतो. चावलेल्या फळाचे तुकडे जठरात मोडत राहतात, पेशींच्या भिंतींत अडकलेली साखर हळूहळू सुटते, आणि पेक्टिनमुळे तो लगदा दाटसर राहतो. द्रव मात्र लवकर पुढे सरकतो. म्हणजे दोन सफरचंदांतले २५ ग्रॅम फ्रुक्टोज आतड्याला बराच वेळ थेंबाथेंबाने मिळते, तर अर्धा लिटर गोड पेयातले तेवढेच किंवा थोडे अधिक फ्रुक्टोज एका लाटेसारखे येते. उंबरठा कुठेही असला, तरी तो ओलांडण्याची शक्यता लाटेच्या बाबतीत जास्त आहे.

दुसरी गोष्ट अधिक साधी आहे. दोन सफरचंदे खाल्ल्यावर तिसरे नको वाटते, पण पेयाची दुसरी बाटली नको वाटतेच असे नाही. माझ्या मते प्रत्यक्ष आयुष्यात यकृताचे नुकसान ठरवण्यात या गोष्टीचा वाटा आतड्याच्या उंबरठ्याइतकाच, कदाचित जास्तच असेल.

अपर्णा, एक विचारायचे राहिले. फळे बंद केल्यावर यजमान त्यांच्या जागी काय घेऊ लागले?

अपर्णा_क

हे मी आधीच लिहायला हवे होते. सफरचंदाची चव त्यांना आवडते, म्हणून फळाऐवजी ते सफरचंदाचा डबाबंद रस घेऊ लागले. त्यावर 'साखर घातलेली नाही' असे लिहिलेले आहे, त्यामुळे आम्ही निश्चिंत होतो. २५० मिलिलिटरचे दोन ग्लास, एक सकाळी उठल्यावर आणि एक संध्याकाळी. शिवाय साखर सोडली म्हणून न्याहारीत एक मोठा चमचा मध असतो. शीतपेये ते अजिबात घेत नाहीत.

पेशीवाला

मग हिशेब मांडून पाहू. सफरचंदात दर १०० ग्रॅमला सुमारे ६ ग्रॅम मोकळे फ्रुक्टोज असते, आणि सुमारे २ ग्रॅम साखरेतून आणखी एक ग्रॅम मिळते. मध्यम आकाराचे फळ १८० ग्रॅमचे धरले, तर एका फळात साडेबारा ग्रॅम आणि दोन फळांत २५ ग्रॅम फ्रुक्टोज होते, आणि त्यासोबत आठ-नऊ ग्रॅम तंतुमय भाग. हे त्यांनी बंद केले.

सफरचंदाच्या रसात, वरून काही न घालताही, दर १०० मिलिलिटरला एकूण ६ ग्रॅमच्या थोडे वरच फ्रुक्टोज असते. दोन ग्लासांत ते ३१ ग्रॅमच्या आसपास जाते. मधात सुमारे ४० टक्के फ्रुक्टोज असते, म्हणजे २० ग्रॅमच्या चमच्यातून आणखी ८ ग्रॅम. एकूण ३९ ग्रॅम, आणि तंतुमय भाग जवळजवळ शून्य. फ्रुक्टोज टाळण्याच्या प्रयत्नात त्यांचे फ्रुक्टोज दीडपटीहून अधिक झाले, आणि जे पूर्वी चावून खाल्ले जात होते ते आता प्यायले जाते. त्यातला एक ग्लास तर उपाशी पोटी.

लेबल खोटे नाही. साखर खरोखरच घातलेली नाही. पण अर्धा लिटर सफरचंदाच्या रसातले फ्रुक्टोज तेवढ्याच कोला पेयापेक्षा थोडे अधिकच भरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शिकेत फळांचा रस, रसाचा अर्क, मध आणि पाक हे सगळे घातलेल्या साखरेबरोबर एकाच गटात धरले आहेत आणि अखंड फळ त्यातून वगळले आहे, त्यामागे हाच विचार आहे.

दिगंत

म्हणजे माझे 'नैसर्गिक विरुद्ध कारखान्यातले' हे मोजमाप इथे चुकलेच, कारण रसही नैसर्गिक आहे. पण फ्रुक्टोजची थेट चरबी होते हे तरी बरोबर आहे ना?

पेशीवाला

अर्धे बरोबर आहे. चिन्हांकित फ्रुक्टोज माणसांना देऊन पुढचे काही तास पाहिले, तर त्यातला मोठा भाग ग्लुकोज म्हणून आणि बराचसा लॅक्टेट म्हणून बाहेर पडतो. त्या तासांत त्याच फ्रुक्टोजच्या कार्बनपासून रक्तातली चरबी झालेली दिसते ती एक टक्क्याहूनही कमी. एवढ्यावर थांबले की 'फ्रुक्टोज निर्दोष आहे' असा निष्कर्ष निघतो, आणि तसा तो काढलाही जातो.

पण रोज फ्रुक्टोजची लाट येत राहिली, तर यकृतातील चरबी तयार करणारी विकरेच वाढतात. झुरिच येथील एका गटाने २०२१ साली ९४ निरोगी पुरुषांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांना सात आठवडे रोज ८० ग्रॅम साखर पेयातून दिली, काहींना फ्रुक्टोज, काहींना साधी साखर, काहींना ग्लुकोज, आणि एका गटाने गोड पेये टाळली. फ्रुक्टोज आणि साधी साखर घेणाऱ्यांच्या यकृताची नवी चरबी बनवण्याची क्षमता साधारण दुप्पट झाली, आणि तीही पेय न घेतलेल्या अवस्थेत मोजलेली. ग्लुकोजच्या गटात तसे झाले नाही. म्हणजे फ्रुक्टोज हा चरबीचा कच्चा माल म्हणून जेवढा वाईट, त्याहून कारखान्याची क्षमता वाढवणारा म्हणून अधिक वाईट. साध्या साखरेला तुम्ही सूट दिली होती, तिचा निकालही यातच आला. रोजच्या दोन सफरचंदांनी असे होते का, हे या प्रयोगातून सिद्ध होत नाही, कारण त्यात फळ दिलेच नव्हते.

निवांत

मी फळे मिक्सरमध्ये फिरवून, न गाळता पितो. तंतू त्यातच राहतात. ते फळ समजावे की रस? आणि सुकवलेल्या द्राक्षांचे काय?

पेशीवाला

दोन्हींच्या मधले. तंतू राहतात, पण पेशींच्या भिंती फाटतात आणि तीन फळे दोन मिनिटांत पोटात जातात. दुसरीकडे, न गाळलेल्या पेयानंतर रक्तातील ग्लुकोज अखंड फळापेक्षा जास्त चढत नाही, असे काही छोट्या प्रयोगांत दिसले आहे. पण ग्लुकोजवरून फ्रुक्टोजचा अंदाज बांधू नये. रक्तात ग्लुकोज कमी चढले म्हणून एखादा पदार्थ यकृताला सौम्य असतोच असे नाही, कारण निव्वळ फ्रुक्टोजही रक्तातील ग्लुकोज फारसे वाढवत नाही. सुकवलेल्या द्राक्षांत फक्त पाणी गेलेले असते. ताजी द्राक्षे जितकी मोजून खाल तितकीच सुकलेली मोजून खाल्लीत, तर फारसे बिघडत नाही, पण मूठभर म्हणजे किती द्राक्षे झाली हे एकदा मोजून पाहाच.

अपर्णा_क

रस आणि मध आजपासून बंद, सफरचंदे पुन्हा सुरू. यजमानांनी हिशेब दोनदा वाचला आणि काही बोलले नाहीत, ही त्यांची संमती समजते. फरक पडला की नाही हे कशावरून ओळखावे? सोनोग्राफी पुन्हा करावी का?

पेशीवाला

लगेच सोनोग्राफी करण्यात अर्थ नाही. यकृतातील चरबी बरीच वाढल्याशिवाय तिला ती नीट दिसत नाही आणि लहान फरक तिला टिपता येत नाही. एमआरआयच्या विशेष पद्धतीने टक्केवारी मिळते, पण ते डॉक्टरांनी ठरवावे. तुमच्यासाठी आठ-दहा आठवड्यांनी उपाशी पोटीचे ट्रायग्लिसराइड आणि एसजीपीटी पुरेसे आहे. ट्रायग्लिसराइड आधी हलते. यकृतातील चरबीही वाटते त्यापेक्षा लवकर हलते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात स्थूल मुलांच्या आहारातील फ्रुक्टोज ऊर्जेच्या १२ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणले आणि कॅलरी तेवढ्याच राहाव्यात म्हणून त्याजागी स्टार्च दिला. नऊ दिवसांत यकृतातील चरबीचा मध्यक ७.२ टक्क्यांवरून ३.८ टक्क्यांवर आला.

गणितवेडा

त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि मुलांचे वजनही थोडे उतरले होते, एवढी नोंद इथे असू द्यावी.

पेशीवाला

असू द्यावी. वजनाचा परिणाम संशोधकांनी हिशेबातून वेगळा काढण्याचा प्रयत्न केला होता, पण तुलनेचा गट नसल्याची उणीव त्याने भरून निघत नाही.

अपर्णा_क

दहा आठवड्यांनी लिहीत आहे. ट्रायग्लिसराइड १७८, एसजीपीटी ४९. रोज दोन सफरचंदे चालू आहेत. वजन अडीच किलोने कमी झाले, जे आम्ही मुद्दाम केले नव्हते.

गणितवेडा

अभिनंदन. पण रस आणि मध सोडून रोजच्या जवळजवळ ३०० किलोकॅलरी गेल्या, आणि सफरचंदांनी त्यातल्या १९० परत आणल्या. उरलेली तूट दिवसाला शंभराच्या आसपास, तीही दहा आठवडे. त्यातून अडीच किलो निघत नाहीत, एक किलोच्या आसपास निघेल. म्हणजे ते इतरही काही कमी खात असणार. सुधारणा फ्रुक्टोजची लाट थांबल्याने झाली की वजन उतरल्याने, हे या आकड्यांवरून वेगळे करता येणार नाही.

अपर्णा_क

संध्याकाळी सफरचंद खाल्ल्यावर रात्रीच्या जेवणात त्यांना पूर्वीइतके लागत नाही, हे मात्र मी रोज पाहते आहे.

पेशीवाला

मग गणितवेडा यांच्या हिशेबातले हरवलेले किलो बहुधा तिथेच आहेत. रसाच्या दीड मिनिटाने हे झाले नसते. पण कारणे वेगळी करता येत नाहीत, हा त्यांचा मुद्दा त्याने खोडला जात नाही.